आई म्हणाली, बाबा म्हणाले

"पाच मिनिटं बोल, पण मराठीत बोल." आईने फोनवर एवढंच सांगितलं.

मे २०२५ मध्ये आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. पुण्यात एरंडवण्यातला एक छोटा हॉल, साठ-सत्तर माणसं, जेवणात मठ्ठा आणि जिलबी, आणि जेवणाआधी माझं भाषण. मी २००१ मध्ये जर्मनीला गेले. तिकडच्या सरकारने आदल्या वर्षीच संगणकवाल्यांसाठी ग्रीन कार्ड सुरू केलं होतं, त्या लाटेत. चोवीस वर्षं स्टुटगार्टमध्ये काढली. ऑफिसात जर्मन आणि इंग्रजीत भाषणं केली, त्याची कधी धास्ती वाटली नाही. म्हटलं, मराठी तर आपलीच भाषा. एका रविवारी दुपारी लिहून टाकू.

तो रविवार गेला, पुढचे तीन रविवारही गेले. पाच मिनिटांचं भाषण का जमत नाही, हे शोधता शोधता मी जुन्या पुण्यात जाऊन पोचले. हा लेख त्या शोधाबद्दल आहे.

पहिला गोंधळ तारखेचा. आई-बाबांचं लग्न १९७५ च्या अक्षय्य तृतीयेचं. त्या वर्षी ती मेच्या मध्यावर आली होती. २०२५ मध्ये अक्षय्य तृतीया ३० एप्रिललाच येऊन गेली. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान असतं, अधिक महिना टाकून ते मागून जुळवून घेतात, आणि तिथी व तारीख पुन्हा जवळपास एकत्र यायला एकोणीस वर्षं लागतात. पन्नासाव्या वर्षी ती जुळण्याचं कारणच नव्हतं. आजी असती तर तिथी धरली असती. आम्ही तारीख धरली, कारण सुट्टी तारखेने मिळते.

पण आजीने तरी या दिवशी काय केलं असतं? आपल्याकडे वय साजरं करायचे विधी भरपूर आहेत. साठीला षष्ट्यब्दीपूर्ती, सत्तरीला भीमरथी शांत, एक्याऐंशीच्या सुमारास सहस्रचंद्रदर्शन. वर्षाला सरासरी १२.३७ पौर्णिमा होतात, म्हणजे हजार पौर्णिमा पाहायला ८० वर्षं १० महिने लागतात. हिशोब पक्का आहे, पण तो एका माणसाच्या आयुष्याचा आहे. पत्नी शेजारी बसते, हाताला हात लावते, तरी मोजलं जातं ते बहुतेक वेळा त्याचं वय. दोघांनी मिळून काढलेली वर्षं मोजणारा विधी आमच्या घरच्या गुरुजींनाही आठवेना. 'लग्नाचा वाढदिवस' हा शब्दच बघा. वाढदिवस माणसाचा असतो, तो लग्नाला उसना दिलाय.

पन्नासला 'सुवर्णमहोत्सव' म्हणायची रीत तर सरळ राजवाड्यातून आली. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला १८८७ मध्ये पन्नास वर्षं झाली आणि १८९७ मध्ये साठ. त्या साठीचा, म्हणजे हीरकमहोत्सवाचा, पुण्यातला समारंभ गणेशखिंडीत गव्हर्नरच्या बंगल्यावर होता, आज जिथे विद्यापीठ आहे तिथे. २२ जून १८९७ च्या रात्री तिथून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. शाळेत आपण हा प्रसंग प्लेगच्या धड्यात वाचतो आणि त्या रात्री समारंभ कसला होता हे विसरून जातो. राजे-राण्यांची ही मोजणी नंतर शाळांना, संस्थांना, नियतकालिकांना लागली, आणि मग नवरा-बायकोला.

म्हणजे विधी नाही, मंत्र नाही. मग त्या दिवशी माणसं करतात काय? पुण्यात याचं उत्तर ठरलेलं आहे. माणसं उभी राहून बोलतात. आधी कोणीतरी प्रास्ताविक करतो, मग मनोगतं, मग सत्कार, शेवटी आभार. घरातल्या समारंभालाही हाच क्रम. हा क्रम लग्नघरातला नाही, सभेतला आहे. १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, ती मे महिन्यात अजून भरते. ती भरवणाऱ्या संस्थेचं नावच वक्तृत्वोत्तेजक सभा. अशा ठिकाणी मराठी माणूस अनोळखी लोकांसमोर उभं राहून बोलायला शिकला. 'अध्यक्षमहाराज', 'दोन शब्द बोलतो', 'मी आपला ऋणी आहे' ही सगळी त्या मंडपातली भाषा.

आता त्या मंडपातली भाषा घेऊन स्वतःच्या आईसमोर उभं राहायचं होतं. माझ्या पहिल्या खर्ड्यात शेवटचं वाक्य होतं, "मी आई-बाबांचे मनःपूर्वक आभार मानते." भावाला वाचून दाखवलं. तो पुण्यातच असतो. म्हणाला, "ताई, आभार केटररचे मानायचे." बरोबरच होतं त्याचं. आभार मानले की हिशोब मिटतो, आणि मराठी घरात हिशोब मिटवणं म्हणजे परकं होणं. जर्मनीत माझी मुलं मीठ पुढे सरकवल्यावरही 'डांके' म्हणतात. माझ्या तोंडात ती सवय इतकी मुरली होती की मराठीत तिला जागा नाही हेच मी विसरले होते.

तो खर्डा अजून माझ्याकडे आहे. दुसऱ्या भाषेत राहिलेल्या माणसाचं मराठी नेमकं कुठे झिजतं, ते त्यात स्वच्छ दिसतं. शब्द विसरलेले नव्हते. शुद्धलेखनही ठीक होतं. पण पहिलंच वाक्य होतं, "आज आपण दोन खास व्यक्तींना साजरं करायला जमलो आहोत." मराठीत सण साजरा करतात, वाढदिवस साजरा करतात. माणसं साजरी करत नाहीत. पुढे लिहिलं होतं, "तुम्ही नेहमी माझ्यासाठी तिथे होतात." हे वाक्य मी व्हिडिओ कॉलवर सहज बाबांना ऐकवलं. ते म्हणाले, "तिथे म्हणजे कुठे? आम्ही इथेच होतो."

आधी हसू आलं. मग कळलं की त्यांच्या प्रश्नातच दुरुस्ती आहे. इंग्रजीतलं ते वाक्य कोणालाही, कुठेही चालतं. मराठी ऐकणारा मात्र जागा विचारतो. कुठे होते? दहावीच्या बीजगणिताच्या पेपरला शाळेच्या फाटकाबाहेर, समोरच्या रसवंतीच्या बाकावर, तीन तास. बाबांनी त्या दिवशी अर्धी रजा टाकली होती. मी वाक्य खोडलं आणि रसवंतीचा बाक लिहिला. तेव्हापासून तपासायचा एक नियम हाती लागला. वाक्य वाचायचं आणि बाबांच्या आवाजात विचारायचं, "म्हणजे कुठे?" उत्तर आलं नाही तर वाक्य दुसऱ्या भाषेतून आलंय असं समजायचं.

असं का होतं, त्याचं कारणही साधं आहे. चोवीस वर्षं मी आईशी मराठीतच बोलत होते. पण काय बोलत होते? जेवलीस का, थंडी किती आहे, मुलं काय करतात, येणार कधी. सुरुवातीच्या वर्षांत फोनकार्डाचे मिनिट मोजत, नंतर फुकट व्हिडिओ कॉलवर, पण प्रश्न हेच चार. भाषा मेली नव्हती, ती चार प्रश्नांएवढी लहान झाली होती. माणसाबद्दल, त्याच्या आयुष्याबद्दल सलग बोलायची भाषा मी मराठीत कधी वापरलीच नव्हती. मोठी झाले आणि निघून गेले. तसलं बोलणं शिकायचं वय परदेशात गेलं.

हे सगळं दुरुस्त करता येत होतं. खरी अडचण चौथ्या खर्ड्याला आली, आणि ती परदेशात राहिल्यामुळे आलेली नव्हती. ती मराठीतच आहे. मी लिहिलं होतं, "बाबा म्हणाले, जा. आई म्हणाली, जा." दोन्ही वाक्यं निर्दोष आहेत. पण माइकवरून ती मोठ्याने म्हणून बघितल्यासारखं केलं तेव्हा मी थांबले. पन्नास वर्षं दोघांनी सारखा संसार ओढला. त्याबद्दल बोलायला उभी राहिलेली मी दर वाक्यात त्यांना बहुवचन देत होते आणि तिला एकवचन. तेही साठ-सत्तर माणसांसमोर.

जर्मनमध्ये हा प्रश्नच नाही. तिथेही 'तू' आणि 'आपण' वेगळे आहेत, पण मुलं आई-वडील दोघांनाही 'तू' म्हणतात. आमच्या घरात आईला 'तू', बाबांना 'तुम्ही'. मी मनात दोन्ही उलटे पर्याय घालून पाहिले. "बाबा म्हणाला" हे आजची लहान मुलं सहज म्हणतात, पण अठ्ठेचाळीस वर्षांची मी ते अचानक सुरू केलं असतं तर ते नाटक झालं असतं. "आई म्हणाल्या" तर त्याहून विचित्र. मराठीत 'आई आल्या' म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं, सासूबाई आल्या. स्वतःची आई कधीच 'येत्या' नाही, ती 'येते'. एका क्रियापदावरून कोणाची आई ते कळतं, इतकी ही भाषा बारीक आहे.

पुण्यात यावर आधी कोणी विचार केला असेल का? केला होता, आणि तो करणाऱ्या बायका होत्या.

न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्ये गेले. १९१० मध्ये रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' प्रसिद्ध झालं. १८७३ मध्ये लग्न होऊन त्या पुण्यात आल्या तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या, लिहा-वाचायला लग्नानंतर शिकल्या. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हा त्या काळचा नियम. मग त्याच्यावर अख्खं पुस्तक कसं लिहायचं? त्यांनी नावाच्या जागी 'स्वतः' हा शब्द वापरला. 'स्वतः' आले, 'स्वतः' बोलले. पुढे १९३८ मध्ये पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर निघालं, त्याचं नावच 'हिमसेल्फ' ठेवलं. ज्या माणसाने पुण्याला सभेत बोलायला लावलं, त्याच्या घरात त्याचं नाव उच्चारायला जागा नव्हती. पण त्याच नियमात राहून रमाबाईंनी त्याचं आणि स्वतःचंही आयुष्य लिहून काढलं.

पंचवीसेक वर्षांनी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' आलं. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक, कवी. लक्ष्मीबाईंनी त्यांना सरळ 'टिळक' म्हटलं. टिळक आले, टिळक रागावले, टिळक पैसे कोणाला तरी देऊन आले. क्रियापद आदराचंच, पण आडनाव घेताच लिहिणारी एक पाऊल मागे सरकून नवऱ्याकडे बघू शकते. त्यातूनच त्यांचा तो प्रसिद्ध मिश्कीलपणा येतो. 'स्वतः'कडे बघून हसणं कठीण असतं, 'टिळकां'कडे बघून हसता येतं.

आणि मग कर्व्यांचं घर. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी, म्हणजे आनंदीबाईंशी, लग्न केलं आणि त्यासाठी गावाचा बहिष्कार सोसला. त्यांचा मुलगा दिनकर रसायनशास्त्र शिकायला जर्मनीत गेला, पुढे फर्ग्युसन कॉलेजचा प्राचार्य झाला. त्याची बायको इरावती १९२८ मध्ये बर्लिनला गेली, डॉक्टरेट घेऊन १९३० मध्ये परतली आणि पुढे डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्र शिकवू लागली. या घरात नवरा-बायको एकमेकांना नावाने हाक मारत. त्यांची मुलंही आईला 'इरू' आणि वडिलांना 'दिनू' म्हणत. आई-बाबा नाही, अहो नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या पुण्यात हे लोकांच्या कानाला कसं लागलं असेल, याची कल्पना करता येते. माझा प्रश्न या घराने मुळातच सोडवला होता. दोघांनाही नाव, दोघांनाही 'तू'.

मला वाटलं, उत्तर मिळालं. पण इरावतीबाईंचाच 'परिपूर्ती' हा लेख आठवला. त्याच नावाचा त्यांचा संग्रह १९४९ चा. एका सभेत त्यांची ओळख करून दिली जाते, ती अमक्यांची सून, तमक्यांची पत्नी अशी. त्यांना वाटतं, यात काहीतरी राहिलं. घरी परतताना रस्त्यावर शाळेतला एक मुलगा दुसऱ्याला सांगतो की या आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई, आणि त्यांना ओळख पुरी झाल्यासारखी वाटते. हा लेख वाचून चिडणारे वाचक मी पाहिलेत. इतक्या मोठ्या विदुषीला शेवटी आईपणच हवं होतं का, असं ते विचारतात. माझं लक्ष आता दुसरीकडे गेलं. घरात जी 'इरू' होती, तिला सभेत उभं केल्याबरोबर सभेने तिला सून आणि पत्नी करून टाकलं. घरातली समानता सभेपर्यंत आपोआप पोचत नाही. आणि मला नेमकं सभेतच बोलायचं होतं.

म्हणून मी 'तू-तुम्ही'चा नाद सोडला आणि चौथा खर्डा वेगळ्या नजरेने वाचला. पेन घेऊन प्रत्येक वाक्याचा कर्ता अधोरेखित केला. बाबा कर्ता असलेली वाक्यं चौदा निघाली. बाबांनी घर घेतलं, बाबांनी कर्ज काढलं, बाबांनी मला जर्मनीला पाठवलं. आई कर्ता असलेली वाक्यं पाच. आई जेवण करायची, आई वाट बघायची, आई रडली. बहुवचन-एकवचन ही भाषेची रीत होती, तिचा दोष मला नव्हता. ही चौदा-पाचची वाटणी मात्र मी केली होती. भाषेवर ढकलण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मग एकेक वाक्य धरून "म्हणजे कोणी?" असं विचारत गेले. घर घेतलं म्हणजे कोणी? करारावर सही बाबांची. पण पहिल्या हप्त्यापासून पुढची अकरा वर्षं संध्याकाळी दोन तुकड्यांत शिकवण्या घेऊन हप्त्यातली निम्मी रक्कम आईने भरली. हे मला माहीत होतं, कारण त्या शिकवणीच्या मुलांच्या चपला मीच दाराशी ओळीत लावायची. तरी लिहिताना हातातून "बाबांनी घर घेतलं" हेच आलं. जर्मनीला पाठवलं म्हणजे कोणी? बाबांचा विरोध होता. एकटी मुलगी एवढ्या लांब कशाला, हे त्यांचं म्हणणं. तिकिटाचे पैसे आईने स्वतःच्या पोस्टातल्या खात्यातून काढले आणि ते पाकीट बाबांच्या हातात दिलं, "तुम्ही द्या तिला" म्हणून. बाबांनी ते मला दिलं. माझ्या आठवणीत देणारा हात बाबांचा राहिला.

ही गोष्ट मला कधी कळली? याच वर्षी, मार्चमध्ये, भाषणासाठी आईला फोन केला तेव्हा. चार प्रश्न सोडून पाचवा विचारला, "आई, माझ्या तिकिटाचे पैसे कुठून आले होते ग?" ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आता कशाला?" आणि मग सांगितलं. चोवीस वर्षं ती सांगायला तयार होती की नव्हती, कोण जाणे. मी विचारलं नव्हतं एवढं खरं.

सभेत हे सांगावं का, हा प्रश्न उरला. बाबांना कमीपणा येईल अशी भीती होती. आधी त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "सांग की. मी नको म्हणालो होतो तेही सांग. नाहीतर पाकिटाला अर्थ काय?"

शेवटचं भाषण साडेचार मिनिटांचं झालं. त्यात प्रास्ताविक नव्हतं, आभार नव्हते, सुवर्णमहोत्सव हा शब्द नव्हता. तीन गोष्टी होत्या: रसवंतीचा बाक, दाराशी लावलेल्या चपला आणि ते पाकीट. बाबा 'म्हणाले', आई 'म्हणाली'. क्रियापदं जशी घरात होती तशीच ठेवली, फक्त कर्ते तपासून घेतले. मध्ये एकदा अडखळले. 'हप्ता' हा शब्द आठवेना, तोंडात जर्मन शब्द आला. पहिल्या ओळीतून मावशीने "हप्ता, हप्ता" असं सांगितलं, माणसं हसली, मी पुढे गेले. पाकिटाशी आले तेव्हा कोणी हसत नव्हतं. बाबा खाली बघत होते आणि आई बाबांकडे.

त्या रात्री भावाने मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग आईने दोनदा ऐकलं. मी विचारलं, काही चुकलं का. मग माझी ती अडचणही सांगून टाकली, की तुला सगळ्यांसमोर एकवचनी बोलायचं जिवावर आलं होतं, एकदा 'आई म्हणाल्या' लिहूनही पाहिलं.

"बरं झालं नाही म्हणालीस," आई म्हणाली. "मी मागे वळून बघितलं असतं, सासूबाई कुठून आल्या म्हणून."

मग बाबांकडे वळून म्हणाली, "अहो, ऐकलंत का? पाकीट कोणाचं होतं ते आता सगळ्या एरंडवण्याला माहीत झालं."

बाबा म्हणाले, "मला तेव्हाच माहीत होतं."